कॅमेरा ट्रॅप सर्व्हेचं प्रॅक्टिकल: जागा, ट्रॅप-रात्री आणि कॅप्चर रेट यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगलातल्या लाजऱ्या, निशाचर सस्तन प्राण्यांचा कॅमेरा ट्रॅप सर्व्हे करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, नवव्या प्रश्नापासून पुढचे जरा सावकाश वाचा. उदाहरणातले भेकराचे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेत, ते कुठल्या जंगलाचे नाहीत.

१. कॅमेरा नेमका कशावर ट्रिगर होतो? हालचालीवर की उष्णतेवर?

दोन्ही एकत्र लागतं. पुढे जो गोल पांढरट सेन्सर दिसतो तो समोरच्या भागातून येणारी उष्णता बघत असतो आणि त्याचं क्षेत्र पट्ट्यापट्ट्यांत विभागलेलं असतं, एका पट्ट्यातून दुसऱ्यात उष्णतेचा फरक पटकन सरकला की तो कॅमेऱ्याला उठवतो. म्हणून आडवं जाणारं जनावर लगेच पकडलं जातं आणि सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणारं उशिरा, कधीकधी अजिबात नाही. भर दुपारी जमीन आणि पालापाचोळा जनावराच्या अंगाइतकाच तापलेला असेल तर फरकच उरत नाही, जनावर समोरून जातं आणि फोटो येत नाही. उलट उन्हात तापलेली फांदी वाऱ्याने हलली की शेकडो रिकामे फोटो. थोडक्यात कॅमेरा सगळ्या वेळी, सगळ्या प्राण्यांसाठी सारखा 'बघत' नाही, आणि पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं इथूनच निघतात.

२. उंची किती ठेवायची, वाटेपासून किती लांब, आणि तोंड कुठल्या दिशेला?

भेकराएवढ्या प्राण्यांसाठी साधारण गुडघ्याएवढी उंची, म्हणजे ३० ते ५० सेंमी. मुंगूस किंवा उदमांजरासारखे छोटे प्राणी मुख्य असतील तर २०-३० सेंमीवर आणा. पण नुसती उंची मोजून भागत नाही, कॅमेऱ्याची नजर जमिनीला समांतर पाहिजे. चढाकडे तोंड असेल तर पुढे दोन-तीन मीटरवर नजर मातीत घुसते आणि उताराकडे असेल तर जनावराच्या डोक्यावरून जाते, म्हणून उतारावर शक्यतो आडवं लावा.

अंतराचं गणित एकदा करून बघा. समजा कॅमेऱ्याचा कोन ४५ अंश आहे. वाटेपासून दीड मीटरवर बांधला तर समोरची रुंदी भरते जेमतेम सव्वा मीटर. जनावर दुडक्या चालीने सेकंदाला २ मीटर जातंय आणि ट्रिगर झाल्यावर फोटो निघायला ०.७ सेकंद लागले तर ते तोवर १.४ मीटर पुढे गेलेलं असतं, फोटोत फार तर शेपटी. तोच कॅमेरा चार मीटरवर ठेवला की रुंदी होते सव्वातीन मीटर आणि अख्खं जनावर सापडतं. त्यामुळे तीन-चार मीटर बरं, वाटेला अगदी काटकोनात न लावता थोडं तिरकं लावलं तर जनावर फ्रेममध्ये अजून जरा जास्त वेळ राहतं.

तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिम ठेवलं की सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट सेन्सरवर, आणि नेमकी तीच वेळ जनावरं फिरायची. बांधून झाल्यावर टेस्ट मोडला टाका आणि वाटेवरून ओणवं होऊन रांगत जा, दिवा कुठे लुकलुकतो ते बघा. उभं चालून टेस्ट केलं तर ती माणसाची टेस्ट होते, उदमांजराची नाही.

३. जनावरवाटेवर लावू की ग्रिडच्या पॉइंटवर? सर म्हणतात ग्रिड, पण तिथे काहीच येत नाही.

प्रश्न काय विचारताय त्यावर आहे. 'या जंगलात कोण कोण आहे' एवढंच हवं असेल तर वाट, ओढ्याची कड, विष्ठा आणि पावलांचे ठसे दिसतात ती जागा, बिनधास्त तिथे लावा. पण रेट, म्हणजे ठरावीक रात्रींमागे एखाद्या प्राण्याच्या किती नोंदी झाल्या तो आकडा, काढून दोन भागांची तुलना करायची असेल तर वाटेवरचे कॅमेरे फसवतात, कारण बिबट्यासारखे मांसाहारी मळलेल्या वाटा पसंत करतात आणि काही छोटे शाकाहारी त्याच वाटा टाळतात. म्हणजे वाटेवरच्या यादीत शिकारी जास्त आणि भक्ष्य कमी दिसतं, जंगलात तसं असो वा नसो.

मधला मार्ग असा की ग्रिडचे पॉइंट आधी नकाशावर ठरवा आणि नियम लिहून ठेवा, 'पॉइंटपासून ५० मीटरच्या आत, मोजता येईल एवढी मोकळी जागा असलेलं पहिलं झाड'. तिथे वाट मिळाली का नाही ते प्रत्येक कॅमेऱ्यासमोर नोंदवा. सगळ्यात वाईट काम म्हणजे एका भागात वाटेवर आणि दुसऱ्या भागात ग्रिडवर लावून मग दोघांचे रेट शेजारी मांडणं, त्या फरकातला किती भाग जनावरांचा आणि किती कॅमेऱ्याच्या जागेचा हे नंतर कुठल्याही आकडेमोडीने वेगळं करता येत नाही.

४. आमिष किंवा वास लावला तर चालेल का?

फक्त हजेरी बघायची असेल तर चालतं, परवानगीत तसं लिहिलेलं असेल तरच. रेट काढायचा असेल तर नको, कारण मग तुम्ही जनावरांची ये-जा मोजत नसून त्यांची आमिषाची ओढ मोजता. लावलंच तर सगळ्या कॅमेऱ्यांवर सारखं लावा आणि बिनआमिषाच्या सर्व्हेशी तुलना करू नका.

५. ट्रॅप-रात्री कशा मोजायच्या? १२ कॅमेरे × ३० रात्री = ३६०, बरोबर?

कागदावर बरोबर, प्रत्यक्षात क्वचितच. एक कॅमेरा एक रात्र चालू राहिला की एक ट्रॅप-रात्र. कॅमेरा जितक्या रात्री खरंच जिवंत होता तितक्याच धरायच्या. आमच्या उदाहरणात ४ नंबरचा कॅमेरा अकराव्या रात्रीनंतर रानडुकराने ढुशी देऊन जमिनीकडे वळवला, तो त्यानंतर फोटो काढत होता पण मातीचे, म्हणून त्याच्या ११ रात्री. ९ नंबरसमोर गवत हलत होतं, रिकाम्या फोटोंनी कार्ड १९ व्या रात्री भरलं, म्हणून १९. बाकी दहा कॅमेऱ्यांच्या ३०-३०. एकूण ३०० + ११ + १९ = ३३०. पुढचे सगळे हिशोब या ३३० वर.

आता कॅमेरा मेला कधी हे कळणार कसं? शेवटच्या फोटोची तारीख धरून चालत नाही, कारण बॅटरी ठीक असूनही दहा दिवस कोणी फिरकलं नाही असं सहज होतं. यावर एकच पक्का उपाय, टाइम-लॅप्स चालू करून रोज दुपारी १२ वाजता एक फोटो आपोआप काढायला लावा. तो रोजचा फोटो म्हणजे कॅमेरा जिवंत असल्याचा पुरावा, शिवाय कॅमेरा कुठल्या दिवशी वळला आणि गवत कधी वाढलं तेही त्यातच दिसतं. हे सेटिंग नसेल तर काढायला जाल तेव्हा आधी समोरून चालून फोटो निघतो का बघा, मगच बंद करा.

६. किती कॅमेरे आणि किती दिवस पुरतात?

अनेक देशांतल्या सर्व्हेंचा डेटा एकत्र तपासून २०२० साली जो अभ्यास झाला त्यात एका जागी ३ ते ५ आठवडे आणि एका भागात ४० ते ६० जागा असा सल्ला आहे, आणि दुर्मिळ प्राण्यांना तेही कमी पडतं असं म्हटलंय. प्रॅक्टिकलला बारा कॅमेरे मिळाले तर काय करायचं? एकाच जागी तीन महिने ठेवण्यापेक्षा दर ३० रात्रींनी हलवून ३६ जागा करा. पण सगळं एकाच ऋतूत बसवा, नाहीतर प्रश्न ११ मधली भानगड होते.

कमी दिसणाऱ्या जनावराचं गणित कसं असतं बघा. समजा जनावर त्या जागेवर वावरतंय आणि एका आठवड्यात कॅमेऱ्यात येण्याची शक्यता १०% आहे. मग चार आठवड्यांत एकदा तरी येण्याची शक्यता १ − ०.९⁴, म्हणजे साधारण ३४%. आठ आठवड्यांत ५७%. ९५% खात्री हवी तर २९ आठवडे. म्हणजे महिनाभराच्या सर्व्हेत असं जनावर तीनपैकी दोन जागांवर असूनही निसटणार, आणि यात तुमची चूक काहीच नाही. हा १०% चा आकडा जितका वर नेता येईल, म्हणजे कॅमेरा प्रश्न २ प्रमाणे नीट लावून, तितकी मेहनत वाचते. दिवस वाढवण्याआधी जागा सुधारा.

७. दोन कॅमेऱ्यांमध्ये अंतर किती ठेवू? प्रत्येक ठिकाणी वेगळं वाचायला मिळतं.

वेगळं असणारच, कारण उद्देश वेगळे असतात. 'किती टक्के जागांवर हे जनावर आहे' असं विचारत असाल तर एकच जनावर दोन कॅमेऱ्यांत येऊ नये म्हणून अंतर त्याच्या वावरक्षेत्राच्या व्यासापेक्षा जास्त पाहिजे. पण पट्ट्या-ठिपक्यांवरून एकेक जनावर ओळखून संख्या काढायची असेल, जसं के. उल्हास कारंथ यांनी १९९५ साली वाघांसाठी दाखवलं, तर नेमकं उलटं लागतं, तेच जनावर वेगवेगळ्या कॅमेऱ्यांत परत परत यायला हवं आणि मध्ये अख्खं वावरक्षेत्र मावेल एवढी मोकळी जागा सुटता कामा नये. तिथे वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लागतो, कारण डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात. सगळ्या सस्तन प्राण्यांचा सर्वसाधारण सर्व्हे असेल तर एक अंतर सगळ्यांना बरोबर बसत नाही, तुमचा मुख्य प्राणी ठरवून त्याच्या हिशोबाने घ्या आणि बाकीच्यांबद्दल बेताने बोला.

८. एकाच भेकराचे ४० फोटो आले. ४० धरू की १?

बहुतेक जण ३० मिनिटांचा नियम वापरतात, म्हणजे एकाच कॅमेऱ्यावर त्याच प्रजातीचा आधीच्या फोटोनंतर अर्धा तास गेला असेल तरच नवी स्वतंत्र नोंद. फोटोत दोन वेगवेगळी जनावरं स्पष्ट ओळखू आली, उदाहरणार्थ एक शिंगवाला नर आणि मग एक मादी, तर अर्ध्या तासाच्या आतही दोन नोंदी धरायला हरकत नाही, फक्त हा नियम सगळीकडे सारखा लावा. घड्याळ पहिल्या फोटोपासून धरायचं की शेवटच्या, हेही लिहा, कारण पाण्यावर तासभर रेंगाळणाऱ्या जनावराच्या नोंदी त्यावर बदलतात.

३० ही संख्या निसर्गाने दिलेली नाही, सोयीची आहे. म्हणून एकदा ६० मिनिटं आणि एकदा २४ तास लावून परत मोजा. नोंदी थोड्याच घटल्या तर निश्चिंत राहा, एकदम निम्म्यावर आल्या तर एखादं जनावर त्या कॅमेऱ्यासमोरच मुक्काम ठोकून आहे असं समजा.

९. रेट ८.२ आला. आता जर्नलमध्ये काय लिहू?

आधी आला कसा ते बघू. भेकराचे फोटो २१२, अर्ध्या तासाच्या नियमाने नोंदी २७, ट्रॅप-रात्री ३३० (प्रश्न ५). २७ ÷ ३३० × १०० = ८.१८, म्हणजे दर १०० ट्रॅप-रात्रींमागे साधारण ८.२ नोंदी. इथे थांबून 'भेकर मुबलक आहे' लिहितात आणि तिथेच घसरतात.

कॅमेऱ्यानुसार नोंदी मांडा: ०, १४, १, ०, ३, ०, ०, ५, ०, २, २, ०. बारापैकी सहा कॅमेऱ्यांवर भेकर आलंच नाही आणि २ नंबरवर एकट्याने १४, निम्म्याहून जास्त. तो कॅमेरा ओढ्यातल्या डबक्याजवळ होता. तो बाजूला ठेवला तर १३ नोंदी ÷ ३०० रात्री, रेट ४.३. एका झाडावरचा एक कॅमेरा अख्ख्या सर्व्हेचा आकडा जवळजवळ दुप्पट करतोय. याचा अर्थ तो काढून टाका असा नाही, डबकंही त्या जंगलाचाच भाग आहे. अर्थ असा की ८.२ हा आकडा एकटा लिहायचा नाही, त्याची डगमग सोबत लिहायची.

ती डगमग काढताना २७ नोंदींना स्वतंत्र धरू नका, कॅमेऱ्यांना एकक धरा, कारण एका जागेच्या नोंदी एकमेकींशी बांधलेल्या असतात. आर या आकडेमोडीच्या भाषेत एवढंच:

```r
ev <- c(0,14,1,0,3,0,0,5,0,2,2,0)
tn <- c(30,30,30,11,30,30,30,30,19,30,30,30)
b <- replicate(5000, {
  i <- sample(12, replace = TRUE)
  100 * sum(ev[i]) / sum(tn[i])
})
quantile(b, c(0.025, 0.975))
```

उत्तर साधारण २ ते १७ येतं, दरवेळी थोडं इकडेतिकडे. म्हणजे शेजारच्या ग्रुपचा रेट ५ आला आणि तुमचा ८.२, तर 'आमच्या भागात भेकर जास्त' असं म्हणायला या डेटात आधार नाही. जर्नलमध्ये असं लिहा: नोंदी, ट्रॅप-रात्री, रेट आणि त्याची रेंज, किती कॅमेऱ्यांवर दिसलं (१२ पैकी ६), आणि डबक्याचा कॅमेरा धरून व न धरून दोन्ही आकडे. परीक्षक व्हायवाला नेमकं हेच खोदतात आणि खोदायलाच पाहिजे.

१०. भेकराचा रेट उदमांजराच्या आठपट आला. म्हणजे भेकरं आठपट आहेत ना?

नाही, आणि हा सगळ्यात जास्त येणारा गैरसमज आहे. रेट तीन गोष्टींनी बनतो: जनावरं किती दाट आहेत, दिवसात किती चालतात, आणि कॅमेरा त्यांना किती लांबून पकडतो. मार्कस रोक्लिफ आणि सहकाऱ्यांनी २००८ साली मांडलेलं सूत्र हेच सांगतं:

```
D = (y / t) × π / (v × r × (2 + θ))
```

`y/t` म्हणजे रेट, `v` रोजची चाल, `r` कॅमेरा पकडतो ते अंतर, `θ` कॅमेऱ्याचा कोन रेडियनमध्ये, आणि `D` घनता. समजा दोन प्राणी अगदी सारखेच दाट आहेत. पहिला रोज ८ किमी चालतो आणि ८ मीटरवरून पकडला जातो, दुसरा २ किमी चालतो आणि लहान असल्यामुळे ४ मीटरवरूनच. चालीमुळे चौपट, अंतरामुळे दुप्पट, मिळून पहिल्याचा रेट आठपट, घनता मात्र तंतोतंत सारखी. म्हणून दोन प्रजातींचे रेट एका बार चार्टमध्ये लावून 'कोण जास्त' ठरवू नका. एकाच प्रजातीचे, एकाच पद्धतीने लावलेल्या कॅमेऱ्यांचे रेट शेजारी ठेवता येतात, तेही प्रश्न ९ मधली रेंज बघून.

हे सूत्र वापरून घनता काढायचा मोह होतो, पण त्याला कॅमेरे जनावरांच्या वाटा न बघता लावलेले लागतात आणि `v`, `r` त्याच जंगलात मोजलेले लागतात. वाटेवरच्या कॅमेऱ्यांना ते लावलं तर घनता फुगून येते.

११. उन्हाळ्यात रेट ९ होता, पावसानंतर ४ झाला. जनावरं कमी झाली का?

असूही शकतं, पण आधी बाकीच्या शक्यता तपासा. पावसानंतर गवत आणि झुडपं वाढून प्रश्न १० मधला `r` आठ मीटरवरून चारवर आला तर एकही जनावर न घटता रेट निम्मा होतो. पाणी सगळीकडे मिळायला लागलं की डबक्यावरची गर्दी पांगते. माजाच्या काळात नर जास्त फिरतात, तेव्हा रेट वर जातो.

तपासायचं असं: लावताना समोर २, ४, ६, ८ मीटरवर उभं राहून किंवा काठी धरून फोटो काढून ठेवा, प्रत्येक ऋतूत परत काढा. जनावरं कुठल्या काठीपर्यंत दिसतात ते फोटोतून मोजा. उन्हाळ्यात ८ मीटरपर्यंत आणि पावसानंतर कोणीच ४ च्या पलीकडे नाही असं दिसलं तर उत्तर तिथेच मिळालं. तुलना करायचीच असेल तर दोन्ही ऋतूंतल्या फक्त ४ मीटरच्या आतल्या नोंदी घेऊन करा.

१२. खवले मांजराचा एकही फोटो नाही. 'आढळत नाही' लिहू का?

'नोंद झाली नाही' लिहा आणि ती किती मेहनतीनंतर झाली नाही ते लिहा. शून्यावरही बोलता येतं: ३३० रात्रींत शून्य नोंदी असतील तर खरा रेट ९५% खात्रीने वर किती असू शकतो याचा झटपट अंदाज ३ ÷ ३३०, म्हणजे दर १०० रात्रींना साधारण ०.९. याचा अर्थ रेट ०.९ पेक्षा कमी असेल तर तुमचा सर्व्हे त्याला शून्यापासून वेगळं करू शकत नाही. बिळात राहणाऱ्या, संथ आणि खाली मान घालून चालणाऱ्या प्राण्याचा रेट असाच कमी असतो. शिवाय हा अंदाज नोंदी विखुरलेल्या आहेत असं धरून चालतो. जनावर एखाद्याच कोपऱ्यात असेल आणि तिथे कॅमेराच नसेल तर हा आकडा खोटा दिलासा देतो. बिळं, वारुळं उकरल्याच्या खुणा दिसल्या असतील तर त्या वेगळ्या लिहा, कॅमेऱ्याच्या टेबलात मिसळू नका.

१३. कॅमेऱ्याची तारीख रीसेट झाली, सगळे फोटो जुन्या वर्षाचे दिसतात. डेटा गेला का?

बहुतेक वेळा नाही. बॅटरी काढली की काही कॅमेरे घड्याळ विसरतात. लावताना पहिल्या फोटोत मोबाइलचं घड्याळ धरलं असेल तर दोन वेळांमधला फरक काढा आणि सगळ्या फोटोंना तोच मिळवा. काढतानाही घड्याळाचा फोटो घ्या, दोन्हीकडे फरक सारखा आला तर मध्ये घड्याळ सरकलं नाही हे सिद्ध होतं. तसा फोटोच नसेल तर त्या कॅमेऱ्याचा डेटा 'रात्री किती वाजता फिरतात' या ग्राफमधून वगळा, पण नोंदी मोजायला वापरा, कारण अर्ध्या तासाचा नियम फक्त दोन फोटोंमधल्या फरकावर चालतो आणि ट्रॅप-रात्री तुमच्या फील्ड वहीतून मिळतात.

१४. कळप आला तर? आणि फोटो अर्धवट असेल तर कोणत्या प्रजातीत टाकू?

बारा रानडुकरांचा कळप ही एकच नोंद, कळपात दिसलेली जास्तीत जास्त संख्या शेजारच्या कॉलममध्ये. बारा नोंदी केल्या तर प्रश्न ९ मधल्या डबक्यासारखाच एक कळप सगळा रेट ओढून नेतो.

अर्धवट फोटोसाठी 'अनोळखी, लहान मांसाहारी' असे वर्ग आधीच ठेवा आणि दोघांनी एकमेकांचं न बघता ओळखून मग जुळवा. रात्रीचे इन्फ्रारेड फोटो काळे-पांढरे असतात, रंगावर जाऊ नका, शेपटीची लांबी, कानाचा आकार, पाठीची रेघ बघा. जुळलं नाही तर अनोळखीतच राहू द्या. पण अनोळखी किती राहिले ते प्रत्येक कॅमेऱ्यामागे लिहा, कारण एखाद्या जवळ लावलेल्या कॅमेऱ्यावर नुसत्या शेपट्याच येत असतील तर त्याचा रेट कमी दिसण्याचं कारण प्रश्न २ मध्ये आहे, जंगलात नाही.